वर्षभराने उघडायचं पत्र: करिअरच्या ध्येयाबद्दल स्वतःला काय लिहावं

प्रश्न: मी बांधकाम साइटवर इंजिनिअर आहे. येत्या तीन वर्षांत स्ट्रक्चरल डिझाइनमध्ये जायचं पक्कं केलंय. दर वर्षी त्याच तारखेला स्वतःचंच पत्र ईमेलने मिळेल अशी सोय करायची आहे. पूर्वी एकदा असं पत्र लिहिलं होतं. ते आलं तेव्हा वाचून नुसतं अपराधी वाटलं आणि मी ते बंद करून टाकलं. या वेळी काय लिहू? तिन्ही वर्षांची पत्रं आत्ताच लिहून ठेवू का?

उत्तर:

तिन्ही आत्ता लिहू नका. पुढच्या वर्षीचं एकच लिहा. ते आलं की त्याला लेखी उत्तर द्या आणि मगच त्याच्या पुढचं लिहायला घ्या. तीन वर्षांनंतरचे तुम्ही कोण असाल, तुम्हाला काय विचारावंसं वाटेल, याचा आत्ता नीट अंदाज येत नाही. क्वाइडबाख, गिल्बर्ट आणि विल्सन या मानसशास्त्रज्ञांनी २०१३ साली १९ हजारांहून अधिक लोकांच्या उत्तरांवरून हेच दाखवलं होतं. गेल्या दहा वर्षांत आपण खूप बदललो हे लोक सहज मान्य करतात, पण पुढच्या दहा वर्षांतही तेवढेच बदलू हे त्यांना पटत नाही. आत्ता लिहिलेलं तिसऱ्या वर्षाचं पत्र बहुतेक वेळा आजच्याच माणसासाठी लिहिलेलं असतं, आणि तो माणूस तेव्हा तिथे नसतो.

आता त्या जुन्या पत्राबद्दल. करिअर बदलणाऱ्या लोकांबरोबर मी बरीच वर्षं काम करतोय आणि अशी पत्रं पुष्कळ वाचली आहेत. अपराधी वाटायला लावणारं पत्र ओळखायला सोपं असतं. त्यात 'एव्हाना तू अमुक केलंच असशील', 'आता तरी टाळाटाळ करू नकोस', 'माझा तुझ्यावर विश्वास आहे' अशी वाक्यं असतात. म्हणजे त्यात एक तर हुकूम असतो नाहीतर इच्छा. वर्षाने ते हातात पडलं की वाचणाऱ्याला त्यातून एवढंच कळतं, की झालं किंवा नाही झालं. आणि ते त्याला आधीच ठाऊक असतं. नवीन काहीच मिळालं नाही, वर बोलणी खाल्ली, मग पत्र बंदच होणार.

वर्षभराने तुमच्याकडे नसेल असं काहीतरी पत्राने तुम्हाला दिलं पाहिजे. अशा गोष्टी मला तीनच दिसतात: हे ध्येय मुळात का धरलं होतं, गाडी कशी चालेल असं तेव्हा वाटत होतं आणि काय घडलं तर आपण दिशा बदलायचं ठरवलं होतं. या तिन्ही गोष्टी डोक्यात राहतात असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात त्या डोक्यात हळूहळू बदलत जातात, आणि बदलल्याचं आपल्या लक्षातही येत नाही.

याचा एक जुना आणि स्वच्छ पुरावा आहे. १९७२ साली अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन यांच्या चीन आणि सोव्हिएत संघाच्या दौऱ्यांआधी फिशहॉफ आणि बेथ या संशोधकांनी विद्यार्थ्यांना विचारलं, की या दौऱ्यांत अमुक घडण्याची शक्यता किती टक्के, तमुक घडण्याची किती. दौरे संपल्यावर त्यांना आपापले आकडे आठवायला सांगितले. जे घडलं असं त्यांना वाटत होतं, त्याबद्दल आपण मुळातच जास्त शक्यता दिली होती असं त्यांना आठवू लागलं. हे काम १९७५ मध्ये प्रसिद्ध झालं. 'मला आधीच वाटलं होतं' हे वाक्य आपण किती सहज बोलतो ते आठवा. करिअरच्या बाबतीत ते वाक्य महाग पडतं, कारण आपला अंदाज कुठे चुकला हेच दिसेनासं होतं आणि पुढचा अंदाजही त्याच जागी चुकतो.

एक उदाहरण सांगतो. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या एका बाईंना अध्यापन साहित्य तयार करण्याच्या क्षेत्रात जायचं होतं. पत्र आलं त्या दिवशी ते उघडण्याआधी मी त्यांना दोन प्रश्नांची उत्तरं कागदावर लिहायला लावली: आपण हे का ठरवलं होतं, आणि किती वेळ लागेल असं म्हटलं होतं? त्यांनी लिहिलं, 'मुख्यतः पगारासाठी. वेळ साधारण दोन वर्षं.' मग पत्र उघडलं. पहिलं कारण होतं घसा. सलग पाच तास बोलल्यावर संध्याकाळी घरी बोलायला आवाजच उरत नाही, असं त्यांनी स्वतःच्या शब्दांत लिहिलं होतं. पगार चौथ्या क्रमांकावर होता. आणि वेळेबद्दल लिहिलं होतं, 'वर्षभरात होईल, ८० टक्के खात्री.'

एका वर्षात काम झालं नाही, म्हणून आठवणीने परस्पर मुदत वाढवून दोन वर्षं करून टाकली होती. हे तर होतंच. पण त्याच महिन्यात त्यांच्यापुढे एका खाजगी क्लासची नोकरी होती, पगार चांगला, आणि तास आजच्यापेक्षा जास्त. पगारासाठीच आपण बाहेर पडतोय अशी त्यांची समजूत झाली होती, त्यामुळे ही नोकरी त्यांना ध्येयाच्या दिशेनेच एक पाऊल वाटत होती. घशाबद्दलचं ते वाक्य वाचल्यावर मला काही बोलावंच लागलं नाही. त्या पत्रात प्रोत्साहनाची एक ओळ नव्हती, तरी त्याने त्यांचं काम केलं.

म्हणून तुमच्या पत्राची सुरुवात प्रश्नांनी करा. ईमेल उघडल्यावर सगळ्यात वर फक्त दोन-तीन प्रश्न दिसतील, मग पंचवीस-तीस रिकाम्या ओळी आणि त्याखाली पत्र. वर स्पष्ट लिहा, की आधी कागदावर उत्तरं लिही, मगच खाली जा. ही साधी युक्ती सोडू नका. पत्र आधी वाचलं, की 'हो, असंच तर ठरलं होतं' असं वाटतं आणि आठवण किती सरकली होती हे कधीच कळत नाही.

त्याखाली आजचं चित्र. इथे भावना कमी आणि दिसण्यासारख्या गोष्टी जास्त हव्यात. तुमचा एक साधा कामाचा दिवस लिहा, चांगला नाही, वाईटही नाही. किती वाजता साइटवर पोचता, दिवसातला किती वेळ सळई आणि शटरिंग तपासण्यात जातो, किती वेळ ठेकेदाराशी वाद घालण्यात, संध्याकाळी डोकं किती शिल्लक असतं. कोणती गोष्ट तुम्ही कुणाला न विचारता करू शकता आणि कोणती नाही. पगाराचा आकडा लिहा. वर्षाने प्रगती मोजायला हीच पट्टी लागणार आहे. एरवी आपण स्वतःची तुलना सहकाऱ्याशी करतो, त्याने काहीच कळत नाही.

मग कारणं, वजनाच्या क्रमाने. दुसऱ्याला सांगायला अवघड वाटणारं कारण हमखास लिहा. हे पत्र दुसरं कुणी वाचणार नाही. 'साइटवर सगळ्यांसमोर ओरडा खावा लागतो आणि मला ते सहन होत नाही' हे कारण 'मला डिझाइनमध्ये रस आहे' याच्यापेक्षा खूप उपयोगी आहे, कारण त्यावरून पुढे कळेल की प्रश्न क्षेत्राचा होता की एका विशिष्ट वरिष्ठाचा. वरिष्ठ बदलला आणि ध्येयाची ओढ ओसरली, तर ते समजायला हवं. त्यात वाईट काही नाही.

पत्राचा गाभा म्हणजे अंदाज, आणि इथे जरा थांबू. 'डिझाइन शिकलेला असेन' हा अंदाज नाही, कारण वर्षाने तो खरा ठरला की खोटा यावर तुम्ही स्वतःशीच वाद घालू शकता. दुसऱ्या एखाद्या इंजिनिअरला कागद दाखवला तर त्याला हो किंवा नाही सांगता आलं पाहिजे, असं वाक्य हवं. प्रत्येकापुढे टक्के लिहा. पाच-सहा पुरेत. तुमच्या बाबतीत ते साधारण असे असू शकतील:

'चार मजली आरसीसी इमारतीची चौकट मी सॉफ्टवेअरमध्ये स्वतः मांडलेली असेल, आणि त्याने दिलेल्या पायाजवळच्या सगळ्या उभ्या प्रतिक्रियांची बेरीज मी हाताने काढलेल्या एकूण उभ्या भाराशी ५ टक्क्यांच्या आत जुळत असेल: ७० टक्के.

वर्षातले किमान ४० आठवडे, आठवड्याला सहा तास अभ्यास झालेला असेल आणि त्याची वहीत नोंद असेल: ६० टक्के.

माझं एक पूर्ण डिझाइन, बीम, कॉलम, स्लॅब आणि फुटिंगसकट, एका अनुभवी डिझायनरने तपासून त्यावर खुणा केलेल्या असतील: ५० टक्के.

किमान दोन डिझाइन ऑफिसांत मुलाखतीपर्यंत पोचलेलो असेन: ४० टक्के.

कंपनीतल्याच डिझाइन विभागात बदली मिळालेली असेल: २० टक्के.'

पहिल्या वाक्यातला ताळा मी मुद्दाम घातला आहे. सॉफ्टवेअर शिकलो असं म्हणणारे बरेच जण बटणं दाबायला शिकलेले असतात. एखादा भार द्यायचा राहिला किंवा दोनदा दिला गेला, तर ही बेरीज जुळत नाही आणि चूक तिथेच पकडली जाते. म्हणजे हे वाक्य खरं ठरलं तर तुम्हाला खरोखर काहीतरी येतं असा त्याचा अर्थ आहे. पण बेरीज जुळली म्हणजे डिझाइन बरोबर असं नव्हे, म्हणून तिसरं वाक्य वेगळं ठेवलंय. प्रत्येक क्षेत्रात असे ताळे असतात. आपल्या ध्येयातलं 'मला हे येतं' कुठल्या कृतीने सिद्ध होईल, हे तुम्हाला ठरवता येत नसेल, तर त्या क्षेत्रातल्या माणसाला एकदा विचारा. पत्र लिहिण्याआधीचा तो सर्वांत उपयोगी फोन असेल.

यातले पहिले दोन अंदाज बहुतांशी तुमच्या हातात आहेत आणि शेवटचे दोन बहुतांशी इतरांच्या. तिसरा मधला आहे. पत्रात तसं चिन्ह करून ठेवा. वर्षाने चूक कुठे झाली हे बघताना या विभागणीचा फार उपयोग होतो. पाच-सहा अंदाजांवरून टक्केवारी अचूक होती की नाही हे काढायला जाऊ नका, एवढ्या थोड्या आकड्यांतून ते निघत नाही. फक्त बघा, की आपल्या हातातले अंदाज जास्त चुकले की दुसऱ्याच्या हातातले. हातातले चुकले असतील तर वेळेचा हिशोब बिघडला आहे. दुसऱ्याच्या हातातले चुकले असतील तर बाजाराबद्दल किंवा माणसांबद्दल माहिती अपुरी होती. या दोहोंवरचे उपाय अगदी वेगळे आहेत. पहिल्यात आठवड्याचे तास कमी धरावे लागतात, दुसऱ्यात आणखी चार लोकांशी बोलावं लागतं.

वेळेचा हिशोब जवळजवळ सगळ्यांचाच बिघडतो. ब्यूलर, ग्रिफिन आणि रॉस या संशोधकांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांना प्रबंध किती दिवसांत संपेल ते विचारलं होतं. सरासरी अंदाज निघाला ३३.९ दिवसांचा. सगळं जितकं बिघडू शकतं तितकं बिघडलं तर किती लागतील, यालाही उत्तर आलं ४८.६. प्रत्यक्षात लागले ५५.५ दिवस. म्हणजे वाईटात वाईट धरलेला आकडाही कमीच पडला. 'थोडं जास्त धरू' म्हणून भागत नाही, कारण ते जास्तही आपण त्याच डोक्याने धरतो. त्यापेक्षा मागचं खरं उदाहरण घ्या. नोकरी सांभाळून शेवटचं काय शिकलात? त्याला किती आठवडे लागले? तोच वेग पत्रात धरा. स्लॅबच्या काँक्रिटिंगच्या आठवड्यात तुमचा अभ्यास शून्य होतो हे तुम्हाला माहीत आहे, मग ५२ आठवडे कशाला लिहायचे? वर ४० लिहिले आहेत ते याचसाठी. तुमच्या साइटचा वेग बघून ते ३० करावेसे वाटले तर ३० करा.

यानंतर वळणाच्या अटी. इथे 'जर-तर' असंच वाक्य लिहा: जर या तारखेपर्यंत अमुक झालं नसेल, तर मी तमुक करीन. मानसशास्त्रज्ञ गोलविट्झर यांचं यावरचं काम प्रसिद्ध आहे. नुसता निश्चय करण्यापेक्षा परिस्थिती आणि कृती यांची आधीच गाठ मारून ठेवली, तर ती कृती घडण्याची शक्यता वाढते. आणि अट आत्ताच ठरवण्याचं आणखी एक कारण म्हणजे आत्ता तुमचं काही अडकलेलं नाही. वर्षाने फी भरलेली असेल, चार लोकांना सांगून झालेलं असेल, आणि मग थांबण्याचा विचारच नको वाटेल. तुमच्यासाठी एक अट अशी: 'पहिल्या वर्षाअखेर तपासलेलं एकही डिझाइन नसेल आणि अभ्यासाचे आठवडे २० पेक्षा कमी भरले असतील, तर साइटची नोकरी तशीच ठेवून डिझाइन शिकण्याचा मार्ग मी बंद करीन आणि त्याऐवजी कमी पगारात डिझाइन ऑफिसात कनिष्ठ पदावर जाण्याचा हिशोब महिन्याभरात मांडीन.' ही अट ध्येय सोडायला लावत नाही, रस्ता बदलायला लावते. ध्येयच सोडण्याची अट वेगळी लिहायची असेल तर तीही लिहा, मात्र ती तिसऱ्या वर्षाची असू द्या.

पत्रात स्वतःला 'तू' म्हणा, पण आज्ञार्थ टाळा. आधीच्या पत्रातलं 'तू एव्हाना नोकरी बदलली असशील' हे वाक्य या वेळी 'तू नोकरी बदलली असशील याची मला २० टक्के शक्यता वाटते' असं होईल. फरक छोटा दिसतो. पण नोकरी बदललेली नसेल, तर पहिलं वाक्य वाचणाऱ्याला खाली बघायला लावतं, आणि दुसरं सांगतं की लिहिणाऱ्यालाही हे अवघड आहे हे ठाऊक होतं. मला वाटतं तुमचा त्या वेळचा अपराधीपणा बराचसा या एका गोष्टीतून आला असावा.

आता पाठवण्याबद्दल. पत्र ऑफिसच्या ईमेलवर कधीही पाठवू नका. नोकरी बदलली की तो पत्ता बंद होतो, म्हणजे ध्येय पूर्ण झालं तर नेमकं पत्रच मिळणार नाही. वैयक्तिक पत्ता वापरा आणि तो चालू ठेवा. गूगल दोन वर्षं न वापरलेली वैयक्तिक खाती काढून टाकू शकतं, तेव्हा फक्त या कामासाठी वेगळं खातं उघडून विसरून जाणं धोक्याचं आहे. जीमेलमध्ये पाठवण्याच्या बटणाशेजारच्या बाणातून `Schedule send` निवडलं की तारीख आणि वेळ देता येते. एक अडचण आहे: असं पत्र `Scheduled` या कप्प्यात वर्षभर तुमच्या डोळ्यांसमोर असतं, केव्हाही वाचता येतं आणि रद्द करून बदलताही येतं. स्वतःवर तेवढा भरवसा नसेल तर फ्यूचरमीसारखी सेवा वापरा. ती २००२ पासून चालू आहे आणि खास याच कामासाठी आहे. कुठलीही सेवा वापरली तरी सगळा मजकूर पत्रातच लिहा. दुव्यांवर आणि बाहेर ठेवलेल्या फाइलींवर विसंबू नका, वर्षभरात ते कुठे जातात ते सांगता येत नाही. आणि एक छापील प्रत बंद पाकिटात, वर तारीख घालून, घरातल्या विश्वासाच्या माणसाकडे द्या.

पत्राचा विषय असा लिहा की वर्षाने जाहिरात समजून उडवला जाणार नाही: 'माझंच पत्र, डिझाइन, वर्ष १, आधी कागद-पेन घे.' शिवाय कॅलेंडरमध्ये त्याच तारखेला वेगळी आठवण लावा, 'आज पत्र यायला हवं'. संध्याकाळपर्यंत दिसलं नाही तर स्पॅममध्ये बघा, तिथेही नसेल तर पाकीट फोडा. एकदा दोन दिवसांनंतरची तारीख देऊन चाचणीचं पत्र पाठवून बघा, म्हणजे ते कुठल्या कप्प्यात येतं तेही कळेल.

तारीख कोणती? १ जानेवारी नको, आणि कंपनीत पगारवाढ जाहीर होते तो महिनाही नको. पगारवाढ चांगली झाली की साइट बरी वाटू लागते, वाईट झाली की डिझाइनच काय, काहीही बरं वाटतं. दोन्ही वेळी पत्र चुकीच्या मनःस्थितीत वाचलं जातं. ध्येयासाठी पहिली प्रत्यक्ष कृती केली तो दिवस धरा, म्हणजे अभ्यासक्रमाची फी भरली किंवा पहिल्या डिझायनरला भेटलात तो दिवस. आणि तारखेचा वार दर वर्षी एकाने पुढे सरकतो, मध्ये २९ फेब्रुवारी आला तर दोनाने, हे लक्षात असू द्या. पत्र त्या तारखेला येऊ दे, पण वाचायचा वेळ त्यानंतरच्या पहिल्या सुट्टीच्या सकाळी राखून ठेवा. काँक्रिटिंग आटोपून रात्री दहाला मोबाइलवर वाचलेलं पत्र वाया जातं.

त्या सकाळी तासाभराचं काम आहे. वरचे प्रश्न, कागदावर उत्तरं. मग पत्र सावकाश वाचा आणि आठवणीत व पत्रात जिथे फरक दिसेल तिथे खूण करा. मग प्रत्येक अंदाजापुढे बरोबर, चूक किंवा संदिग्ध असं लिहा. संदिग्ध म्हणजे तुमचं वाक्य सैल होतं, पुढच्या वर्षी ते घट्ट करायचं. चुकलेल्या प्रत्येक अंदाजामागे एक ओळ: का? शेवटी अटी बघा. एखादी अट लागू झाली असेल तर त्याच दिवशी निर्णय घेऊ नका, पण तिची अंमलबजावणी सुरू करायची तारीख मात्र त्याच दिवशी लिहा. हे सगळं त्याच ईमेलला उत्तर म्हणून स्वतःला पाठवा, म्हणजे पत्र आणि उत्तर एकत्र राहतील. पुढचं पत्र दोन-तीन दिवसांनी लिहा. त्याच दिवशी लिहिलं तर ते जुन्या पत्रावरची प्रतिक्रिया होतं. जे चुकलं तेवढ्याचीच भरपाई करायचा मोह होतो आणि अंदाज एक तर फार भित्रे होतात किंवा फार जिद्दीचे.

दोन प्रसंग मात्र वेगळे हाताळा. पहिला, पत्र येण्याच्या वेळीच काहीतरी मोठं कोसळलेलं असणं: नोकरी गेली, घरात आजारपण आहे. यासाठी पत्रातच परवानगी लिहून ठेवा, 'वेळ वाईट असेल तर जास्तीत जास्त एक महिना थांब, मग नक्की वाच.' मुदत न घालता पुढे ढकललेलं पत्र बहुधा परत उघडलं जात नाही. दुसरा, ध्येयच बदललेलं असणं. हे चांगलं की वाईट हे कारणांच्या यादीवरून कळतं. समजा वर्षाने तुम्हाला डिझाइनऐवजी जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचा आणि तपासणीचा सल्लागार व्हावंसं वाटतंय. यादीत पहिलं कारण 'हिशोब आणि विचार करण्याचं काम हवं' हे असेल, तर नवं ध्येय त्याच कारणाला धरून आहे, फक्त वाट वेगळी. पहिलं कारण 'साइटची धूळ, ऊन आणि आवाज नको' हे असेल, तर तपासणीच्या कामात तुम्ही पुन्हा शिडीवरच चढणार आहात. मग आधी विचारा, की ते कारण खरंच संपलं, की फक्त विसरलं गेलं.

वर्षाला एकदा येणारं पत्र महिन्याची नोंदवही होऊ शकत नाही. सातव्या महिन्यात अभ्यास बंद पडला, तर पत्र तुम्हाला हे पाच महिने उशिरा सांगेल. त्यासाठी आठवड्याचे तास टिपणारी एक साधी वही लागेलच. तिच्याशिवाय ४० आठवड्यांचा अंदाज तपासताही येणार नाही. आणि दुसऱ्या वर्षीचं पत्र पहिल्यापेक्षा छोटं असू द्या. आजचं चित्र नव्याने लिहा, कारणं जुन्यातून जशीच्या तशी उतरवा आणि बदललं असेल त्यापुढे तारीख घालून नवं कारण लिहा, पण अंदाज चारच ठेवा. तिसऱ्या वर्षीच्या पत्रात मात्र अंदाजांबरोबर एक वाक्य आजपासूनच ठरवून ठेवा, कारण तुमची मुदत तिथे संपते: कोणत्या तीन गोष्टी झालेल्या असतील तर मी स्वतःला डिझायनर म्हणेन, आणि त्यातली एक राहिली असेल तर आणखी किती महिने देईन. तो महिन्यांचा आकडा या पहिल्या पत्रातच लिहा आणि पुढे उतरवत न्या.